एक थांबा, किती किलो?

भाचीला लंडनला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आणि सप्टेंबरचं तिकीट काढायला आम्ही दोघं तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. मुंबईहून थेट जाणारं विमान महाग होतं, दुबईवरून जाणारं बरंच स्वस्त. एरवी आम्ही भाडं, वेळ आणि सामानाचे किलो एवढंच पाहिलं असतं. पण गूगल फ्लाइट्सच्या यादीत भाड्याच्या अलीकडे आणखी एक रकाना होता. त्यात `kg CO2e` असं लिहिलेलं आणि त्याखाली टक्के. आखातात थांबणाऱ्या एका विमानाच्या ओळीत `+24% emissions` होतं, आखातातच थांबणाऱ्या दुसऱ्या एका ओळीत `-6% emissions`.

"मामा, दोन्हीकडे एकच थांबा आहे. अंतरही जवळपास तेवढंच असणार. मग एक जास्त धूर सोडतं आणि एक कमी, असं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. थेट विमान चांगलं आणि थांबत जाणारं वाईट, असं आपण सगळेच धरून चालतो. कारणही पटण्यासारखं असतं: उड्डाण आणि चढण यांत सर्वांत जास्त इंधन जळतं, मग ते दोनदा कशाला? हे खरं आहे, पण अर्धंच. बाकीचं अर्धं समजायचं तर तो किलोचा आकडा कसा तयार होतो, हे आधी पाहावं लागेल.

गूगलने हे आकडे ऑक्टोबर २०२१ पासून दाखवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्यामागची सगळी गणितपद्धत 'ट्रॅव्हल इम्पॅक्ट मॉडेल' या नावाने खुली केली. आता ट्रॅव्हलिस्ट या संस्थेच्या माध्यमातून तिकीटविक्रीची इतर संकेतस्थळंही हीच पद्धत वापरतात. त्यामुळे एकाच विमानाचे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसण्याचा जुना गोंधळ बराच कमी झाला आहे.

पद्धत तशी सोपी आहे. कोणत्या जातीचं विमान किती अंतराला किती इंधन पितं, याचे तक्ते युरोपीय पर्यावरण संस्थेने तयार केलेले आहेत. त्यातून त्या फेरीचं एकूण इंधन काढायचं. पोटातल्या मालाच्या वाट्याचं इंधन बाजूला काढायचं. उरलेलं प्रवाशांमध्ये वाटायचं, पण सरसकट नाही, तर कोणाच्या आसनाने किती जागा अडवली आहे त्या प्रमाणात. मग इंधनाचं कार्बनमध्ये रूपांतर करायचं. विमानाचं एक किलो इंधन जळलं की हवेतला प्राणवायू मिसळून सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पडद्यावरच्या `CO2e` मध्ये हे इंधन जमिनीतून काढण्यात, शुद्ध करण्यात आणि विमानतळापर्यंत आणण्यात होणारं उत्सर्जनही धरलेलं असतं, त्यामुळे तो आकडा आणखी साधारण एक पंचमांशाने वाढतो.

खालचे टक्के मात्र वेगळी गोष्ट सांगतात. ते त्या मार्गावरच्या नेहमीच्या उत्सर्जनाशी केलेली तुलना असते. म्हणजे मुंबई-लंडनच्या यादीतलं `-6%` आणि मुंबई-गोव्याच्या यादीतलं `-6%` यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. लंडनचं 'कमी उत्सर्जनाचं' विमानही गोव्याच्या कोणत्याही विमानाच्या कितीतरी पट कार्बन सोडणार. म्हणून टक्क्यांवर थांबू नये, किलो वाचावेत.

आता भाचीचा प्रश्न. मी तिला कागद-पेन आणायला सांगितलं. पुढचे आकडे आम्ही ढोबळमानाने मांडलेले आहेत. इंधनाची भूक वजन, वारा आणि उंचीनुसार थोडी मागेपुढे होते, पण तुलनेला ते पुरेसे आहेत.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-लंडन सुमारे ५,५००, म्हणजे मिळून ७,४३०. नकाशावर दुबई वाकडी वाट वाटते, पण पृथ्वी गोल असल्याने मुंबईहून लंडनला जाणारी सर्वांत जवळची वाट तशीही वायव्येकडे झुकते आणि दुबई त्या वाटेच्या जवळच पडते. वळसा जेमतेम तीन टक्क्यांचा. एवढ्याने चोवीस टक्के उत्सर्जन वाढणार नाही.

थेट विमान बोइंग ७८७-९ जातीचं धरलं. हे तासाला साधारण साडेपाच टन इंधन घेतं. लंडनपर्यंत सव्वानऊ तास, म्हणजे एकूण ५१ टन. आसनं तीनशेच्या आसपास. दर आसनी १७० किलो इंधन, म्हणजे सुमारे ५४० किलो कार्बन डायऑक्साइड. या हिशोबात आम्ही सगळी आसनं सारखी धरली आणि माल सोडून दिला, त्यामुळे पडद्यावरचा इकॉनॉमीचा आकडा याच्याशी तंतोतंत जुळणार नाही.

दुबईमार्गे जाणाऱ्या पहिल्या पर्यायात मुंबई-दुबई बोइंग ७७७-३००ईआर होतं आणि पुढे एअरबस ए३८०, ते अवाढव्य दुमजली विमान. पहिल्या टप्प्यात सुमारे २० टन इंधन आणि साडेतीनशे आसनं, म्हणजे आसनी ५७ किलो. दुसऱ्या टप्प्यात सुमारे ८२ टन आणि पाचशे आसनं, म्हणजे आसनी १६४ किलो. बेरीज २२१ किलो इंधन, कार्बन ७०० किलो. थेट विमानापेक्षा तीस टक्के जास्त.

दुसऱ्या पर्यायाचा तपशील उघडला तर पहिल्या टप्प्याला एअरबस ए३२१निओ आणि पुढे पुन्हा ७८७-९. सोयीसाठी अंतरं दुबईचीच धरली. ए३२१निओ हे एका रांगेचं अरुंद, हलकं विमान दुबईपर्यंतच्या अंतराला साडेसात टनांत पोचतं. आसनं २२०, म्हणजे आसनी ३४ किलो. पुढे ३८ टन आणि तीनशे आसनं, आसनी १२७. बेरीज १६१ किलो, कार्बन सुमारे ५१० किलो. थेट विमानाएवढाच, किंबहुना थोडा कमी.

भाची कागदाकडे बघत राहिली. थांबे दोन्हीकडे एक, वळसा दोन्हीकडे सारखा, आणि फरक जवळजवळ दोनशे किलोंचा. तो सगळा विमानाच्या जातीतून आला होता. ए३८० ला चार इंजिनं आहेत, त्याची रचना २००० च्या आसपासची आहे आणि पंख आणखी मोठ्या विमानाला पुरतील असे बांधलेले असल्याने ते स्वतःचंच बरंच वजन वाहत असतं. ७८७ चा सांगाडा बहुतांशी कार्बन फायबरचा, इंजिनं दोनच आणि पिढी नंतरची. प्रवासी म्हणून ए३८० मध्ये बसायला सुरेख वाटतं, आवाज कमी, जागा ऐसपैस. पण कार्बनच्या वहीत ते महाग पडतं.

थांब्याचा भार स्वतंत्रपणे किती, हाही प्रश्न उरतोच. यासाठी एकच जातीचं विमान दोन्हीकडे धरायला हवं. थांब्यामुळे एक उतरणं, एक उड्डाण, टॅक्सी करणं आणि पुन्हा पस्तीस हजार फुटांपर्यंत चढणं वाढतं. ७८७ सारख्या विमानाला याचा खर्च दोन-अडीच टनांच्या घरात पडतो. पण उलट बाजूने बचतही होते, आणि ती आपल्या सहसा लक्षात येत नाही.

ट्रेकला जाणाऱ्यांना ती लगेच कळेल. गडाच्या वाटेवर मध्ये पाण्याचं टाकं आहे हे माहीत असेल, तर आपण पायथ्यापासून एकच बाटली घेऊन निघतो. टाकं नसेल तर चार बाटल्या पाठीवर घ्याव्या लागतात, आणि त्या चार बाटल्या वाहून घामाघूम झाल्याने तहानही जास्त लागते. विमानाचं तेच आहे. पुढच्या पंधरा तासांचं इंधन पोटात भरून निघालं, तर पहिले कित्येक तास ते इंधन उचलून नेण्यासाठीच इंधन जळतं. एक टन जास्तीचं वजन तासभर नेण्याची किंमत साधारण तीस-चाळीस किलो इंधन असते. ऐकायला कमी वाटतं, पण लांबच्या उड्डाणात सुरुवातीला असे पन्नास-साठ टन जास्तीचे असतात आणि तास भराभर साठत जातात.

म्हणून अंतराप्रमाणे उत्तर बदलतं. तासा-दोन तासांच्या उड्डाणात वाहून नेण्याचं इंधनच थोडं असतं, त्यामुळे तिथे थांब्याचा तोटाच तोटा. सहा-सात हजार किलोमीटरला थांबा वाटेवरच असेल तर फायदा-तोटा जवळपास फिटतो. बारा-साडेबारा हजार किलोमीटरला पारडं उलटं झुकू लागतं.

मुंबई-न्यूयॉर्क घ्या. अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर. लंडनवरून गेलं तर सुमारे १२,७५०, म्हणजे वळसा दोन टक्क्यांहून कमी. थेट जाणारं ७७७-३००ईआर असेल, तर सोळा तासांत ११८ टन इंधन आणि ३४० आसनं, म्हणजे आसनी सुमारे १,१०० किलो कार्बन. लंडनला थांबून दोन्ही टप्पे ७८७-९ ने केले तर सुमारे ९४० किलो. यातला मोठा भाग पुन्हा विमानाच्या जातीचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ७८७-९ नेच न थांबता तेवढं अंतर कापलं तर आकडा ९८० च्या आसपास येईल. म्हणजे निव्वळ थांब्याने वाचलेला कार्बन चार-पाच टक्के. पण वाचतो हे नक्की, आणि 'थेट म्हणजे स्वच्छ' हा समज या अंतरावर टिकत नाही, हेही नक्की.

आता देशांतर्गत उड्डाणं. इथे मला कसलाही संदेह नाही. पुण्याहून नागपूरला हवाई अंतर सहाशे किलोमीटर. शोध घेतला की यादीत दिल्लीला जाऊन परत खाली येणारे पर्यायही दिसतात, कधीकधी स्वस्तातही. पुणे-दिल्ली ११५० आणि दिल्ली-नागपूर ८५५, म्हणजे दोन हजार किलोमीटर, तिप्पटीहून अधिक, आणि वर एक जास्तीची चढण. असं तिकीट घेणं म्हणजे पुण्याहून साताऱ्याला नाशिकवरून जाण्यासारखं आहे. वेळ असेल तर या अंतराला रात्रीची रेल्वेच बरी, हे माझं स्पष्ट मत.

पुणेकरांचा आणखी एक खास प्रश्न आहे. लंडनसाठी मुंबई गाठावी की पुण्यातूनच दिल्लीमार्गे जावं? संकेतस्थळ पुण्यातून शोधलं तर विमानांचा हिशोब देतं, पण मुंबईच्या टॅक्सीचा देत नाही. तो आपणच मांडावा लागतो. पुणे-दिल्ली टप्प्याचे आसनी ७५-८० किलो कार्बन वाढतात. दिल्लीहून लंडन मुंबईपेक्षा पाचेकशे किलोमीटरने जवळ असल्याने त्यातले तीसेक किलो परत मिळतात. निव्वळ वाढ पंचेचाळीस-पन्नास किलो. द्रुतगती मार्गावरून एकट्याने डिझेलच्या टॅक्सीने मुंबई विमानतळ गाठला तर सुमारे दहा लिटर डिझेल, म्हणजे सत्तावीस किलो. फरक आहे, पण फार नाही. तीच टॅक्सी तिघांनी मिळून केली किंवा बसने गेलं, तर मुंबईचं पारडं स्पष्टपणे जड होतं.

आसनाचा वर्ग ही गोष्ट मात्र या सगळ्यावर कडी करते. विमान कंपन्यांची जागतिक संघटना 'आयाटा' हिच्या पद्धतीत रुंद विमानात इकॉनॉमीचं आसन एक धरलं, तर प्रीमियम इकॉनॉमीचं दीड, बिझनेसचं चार आणि फर्स्टचं पाच. झोपता येणाऱ्या एका बिझनेस आसनाच्या जागेत बाकीचे कितीजण बसले असते, हा त्यामागचा विचार. अरुंद विमानात बिझनेसचं आसन फक्त मोठं असतं, पलंग होत नाही, म्हणून तिथे गुणक दीड. म्हणजे थांबा घ्यावा की नको यावर आपण शंभर किलोंचा खल करतो, आणि कंपनीच्या खर्चाने बिझनेसने जाणारा माणूस त्याच विमानात आपल्या चौपट कार्बन खर्च करतो. शोधताना वरचा वर्ग बदलून पाहा, किलोचा आकडा लगेच उडी मारतो.

या आकड्यात काय नाही, तेही माहीत हवं. विमानामागे आकाशात पांढरी रेघ उमटते. इंजिनातल्या वाफेचे बर्फकण होऊन ती तयार होते. हवा थंड आणि दमट असेल तर ती रेघ पसरून तासन्‌तास टिकते आणि जमिनीची उष्णता अडवते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार विमान वाहतुकीमुळे आजवर झालेल्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. बाकीचा मुख्यतः या रेघांचा आणि नायट्रोजन ऑक्साइडांचा. गूगलने सुरुवातीला हा परिणामही आकड्यात धरला होता. जुलै २०२२ मध्ये तो काढून टाकला, आणि त्यावर शास्त्रज्ञांनी बरीच टीका केली. गूगलचं म्हणणं असं की अमुक एका विमानाची रेघ किती टिकेल, हे तिकीट काढताना सांगता येत नाही. त्यात तथ्य आहे. बहुतेक विमानांच्या रेघा मिनिटभरात विरतात आणि थोड्या विमानांच्या रेघाच बहुतांश नुकसान करतात. तरीही, पडद्यावरचा आकडा संपूर्ण बोजा नाही, त्याचा खालचा काठ आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा असं मला वाटतं.

शिवाय हा अंदाज उड्डाणाआधीचा असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेकडे वळून अरबी समुद्रावरून जावं लागलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही थेट विमानांना तर व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. तिकिटावर थांबा नव्हता, आकाशात होता. त्या-त्या दिवशी विमान प्रत्यक्षात कोणत्या वाटेने गेलं, हे तुमच्या पडद्यावरच्या आकड्याला ठाऊक नसतं. आयत्या वेळी कंपनीने दुसऱ्या जातीचं विमान लावलं तर सगळा हिशोबच बदलतो.

भाचीने शेवटी काय केलं? ए३८० चा पर्याय भाड्यात सर्वांत स्वस्त होता, पण दुसरा, ए३२१निओ आणि ७८७ चा, त्यापेक्षा तीन हजारांनी महाग आणि थेट विमानापेक्षा बराच स्वस्त. तिने तो घेतला. दोनशे किलोंचा फरक तीन हजारांत मिळत होता, तिच्या आईला मात्र थांब्याच्या साडेतीन तासांचीच काळजी. विमानतळावर झोपू नकोस, एवढंच तिने चारदा बजावलं.

तुम्ही पुढचं तिकीट काढाल तेव्हा एक करा. यादीतल्या ओळीच्या कडेचा बाण दाबून तपशील उघडा आणि प्रत्येक टप्प्यासमोर लिहिलेलं विमानाचं नाव वाचा. निओ, मॅक्स, ७८७, ए३५०, ए२२० यांपैकी काही दिसलं तर ते नव्या पिढीचं. ए३८०, ७४७, जुनं ७७७ किंवा ए३३० दिसलं आणि त्याच मार्गावर वरच्यांपैकी एखादं तुमच्या ऐपतीत असेल, तर ते निवडा. त्यानंतर थांबा कुठे आहे ते नकाशावर पाहा. तो वाटेवर असेल तर त्याला घाबरू नका, वाट सोडून असेल तर ते तिकीट कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.